वाचनालयाच्या टीव्हीवर संगणक: कापलेल्या कडांच्या नोंदी

१८ मे

आमच्या वाचनालयाला (देवगड तालुका, गाव लहान आहे) डोंबिवलीच्या एका चाकरमान्याने त्यांच्या घरचा जुना चाळीस इंची टीव्ही दिला. पॅनल १९२० × १०८०, आठेक वर्षं वापरलेला, चालू स्थितीत. रिमोट मात्र आला नाही, तो डोंबिवलीतच कुठल्यातरी खणात राहिला. वाचनालयाच्या संगणकाचा मॉनिटर मार्चमध्येच गेला होता, म्हणून हा टीव्ही मॉनिटर म्हणून जोडायचा असं ठरलं. नवा मॉनिटर घ्यायला पैसे नाहीत, आणि चाळीस इंचावर पुस्तकांची यादी लावली की समोर बसलेल्या सगळ्यांना दिसेल, हाही हिशोब होता.

संगणक जुनाच: विंडोज १०, इंटेलचं बोर्डावरचंच ग्राफिक्स, मागे एचडीएमआय आहे. केबल लावली, टीव्हीच्या मागच्या बटणाने HDMI 1 निवडलं, चित्र लगेच आलं. दहा मिनिटांत काम झालं म्हणून मी चहा सांगितला.

चहा येईपर्यंत अण्णा (आमचे अध्यक्ष) खुर्ची ओढून समोर बसले होते. म्हणाले, "अरे, तो खालचो पट्टो खंय गेलो?"

टास्कबार नव्हताच म्हणा. नीट पाहिलं तर त्याची वरची बारीक कड तेवढी दिसत होती. घड्याळातली वेळ डोक्यावरून कापल्यासारखी, तारीख गायब. डावीकडच्या आयकॉनांची नावं अर्धी. खिडकी मोठी केली की बंद करायची फुली कोपऱ्यात कुठेतरी, अंदाजाने दाबायची.

१९ मे

आजचा दिवस फुकट गेला, आणि चूक माझीच.

मला वाटलं केबल खराब असेल. आमच्याकडे खारी हवा, पितळेचं कुलूपसुद्धा दोन पावसाळ्यांत हिरवं होतं, त्यामुळे कुठलंही यंत्र बिघडलं की पहिला संशय गंजावर. पोर्टात फुंकर मारली, जामसंड्याहून नवी केबल आणली (३५० रुपये), लावली. कडा तेवढ्याच कापलेल्या, एका केसाचाही फरक नाही.

थोडं थांबून विचार केला असता तर हे पैसे वाचले असते. एचडीएमआयची केबल बिघडली तर चित्रात ठिणग्यांसारखे ठिपके येतात, चित्र मधेच जातं किंवा येतच नाही. ती चित्राच्या चारही बाजू सारख्या मापाने कापत नाही. चारही कडा नीटनेटक्या कापल्या जात असतील तर ते कुणीतरी मुद्दाम करतंय असं समजावं.

२२ मे

कापतंय किती, ते मोजायचं ठरवलं. पेंटमध्ये १९२० × १०८० मापाचं चित्र घेतलं आणि कडेपासून दर १० पिक्सेलवर एकात एक चौकटी काढल्या, पन्नासाव्या पिक्सेलची लाल, बाकीच्या काळ्या. ते चित्र डेस्कटॉपच्या पार्श्वभूमीला लावलं. पर्याय Fill किंवा Fit नको, Center हवा, म्हणजे विंडोज ते चित्र ताणत नाही. टास्कबार आपोआप लपेल असं केलं.

डाव्या-उजव्या बाजूला पहिली दिसणारी रेघ लाल, म्हणजे पन्नासावी. चाळिसावी नाही. वर आणि खाली पहिली दिसणारी तिसावी, विसावी नाही. म्हणजे आडवे चाळीस ते पन्नासच्या मधे जातात, उभे वीस ते तीसच्या मधे.

अडीच टक्के धरलं तर बरोबर जुळतं. १९२० चे अडीच टक्के ४८, आणि १०८० चे २७. विंडोज १० चा टास्कबार ४० पिक्सेल उंच असतो, त्यातले २७ गेले की उरतात १३. अण्णांना दिसलेली ती बारीक कड ही.

अडीच टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण ते चारही बाजूंनी जातात. उरतो १८२४ × १०२६ चा तुकडा, म्हणजे पडद्याच्या क्षेत्रफळाचा जवळपास दहावा हिस्सा गेला. आणि टीव्ही तो उरलेला तुकडा ताणून पुन्हा अख्ख्या पडद्यावर पसरवतो. म्हणून कडेला काळी पट्टी दिसत नाही आणि काही कापलंय हे चटकन कळतही नाही. सिनेमा बघताना कुणाच्या लक्षात येणार? संगणकाच्या सगळ्या कामाच्या वस्तू कडेलाच असतात, म्हणून तिथे बोंब होते.

याला ओव्हरस्कॅन म्हणतात. अण्णांना हे समजावताना जुन्या डबा टीव्हीची आठवण कामी आली. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की चित्र बाजूंनी आक्रसायचं, ते त्यांना पक्कं आठवतं. आक्रसलं तरी काळ्या कडा दिसू नयेत म्हणून कारखान्यातच चित्र काचेच्या चौकटीपेक्षा थोडं मोठं पाडायचे, आणि वाहिन्यावालेही महत्त्वाची अक्षरं कडेपासून आत ठेवायचे. सपाट पडद्याला याची गरज नाही, त्याचे पिक्सेल जागचे हलत नाहीत. पण सवय तशीच पुढे आली.

अण्णा म्हणाले, "म्हणजे बिघाड नाय, रीत आसा." तसंच.

२५ मे

टीव्हीचा रिमोट नाही, तेव्हा संगणकाकडूनच इलाज करू म्हटलं. हे नको होतं करायला, पण केलं ते लिहितो.

आधी रिझोल्यूशन १२८० × ७२० केलं. सगळं मोठं झालं, कडा त्याच प्रमाणात कापलेल्या. मग १३६० × ७६८ केलं आणि काय आश्चर्य, चारही कडा पूर्ण आल्या! टास्कबार, घड्याळ, फुली, सगळं जागेवर. मी जिंकलो असं वाटलं.

ताईंनी (आमच्या ग्रंथपाल) देवघेवीची एक्सेल उघडली आणि दोन मिनिटांत चष्मा पुसायला लागल्या. अक्षरं धुरकट होती. पॅनल १९२० चं, त्यावर १३६० चं चित्र ताणलं तर एक पिक्सेल सव्वा-दीड पिक्सेलांत पसरणार, कडक रेघ मऊ होणारच.

पण एक धागा इथे मिळाला, आणि तो पुढे उपयोगी पडला. ७२० आणि १०८० ही दूरचित्रवाणीची मापं आहेत. तो सिग्नल आला की टीव्हीला वाटतं कार्यक्रम आला, आणि तो कडा कापतो. १३६० × ७६८ हे संगणकाचं माप, ते आमच्या टीव्हीने ओळखलं आणि कापलं नाही.

मग पुन्हा १०८० वर येऊन इंटेलच्या ग्राफिक्स पॅनलमध्ये गेलो. तिथे चित्र आडवं-उभं लहान करायच्या दोन पट्ट्या आहेत. त्या सरकवत सरकवत चौकटींतली सगळ्यांत बाहेरची रेघ चारही बाजूंना दिसेपर्यंत आणलं. अर्धा तास गेला. कडा आल्या.

दुसऱ्या दिवशी ताईंचा फोन: "अरे, सभासद क्रमांक ३६८ आहे की ३८६?"

ड्रायव्हरने काय केलं, तर १९२० रुंदीचं चित्र १८२४ मध्ये कोंबलं आणि भोवती काळी चौकट लावली. टीव्हीने ती चौकट कापली आणि १८२४ पुन्हा १९२० पर्यंत ताणलं. शर्ट धुवून आटवला आणि मग ओढून मापाला आणला, तसं. दोन्ही वेळा पिक्सेल एकमेकांत मिसळतात. फोटो बघायला चालेल, आकड्यांच्या यादीला नाही.

२ जून

मुकाट्याने रिमोट शोधला. टीव्हीच्या मागच्या बटणांनी आवाज, वाहिनी आणि इनपुट एवढंच बदलतं, चित्राच्या मेन्यूपर्यंत त्यांनी जाता येत नाही. सेट-टॉप बॉक्सच्या रिमोटला टीव्हीचा आवाज शिकवता येतो, मेन्यू नाही.

कणकवलीला कामानिमित्त जाणं होतं, तिथे त्या कंपनीच्या टीव्हींना चालणारा नकली रिमोट मिळाला, २५० रुपये. दुकानदाराला Menu बटण आणि चारी बाणांची बटणं आहेत ना, हे विचारून घेतलं. चित्राच्या मापाचं वेगळं बटण काही रिमोटवर असतं, याच्यावर नाही, पण Menu असलं की भागतं.

संध्याकाळी वाचनालयात येऊन टेकतो तर बारावीतला एक मुलगा म्हणाला, "दादा, माझ्या मोबाइलात रिमोट आहे." त्याच्या मोबाइलच्या वरच्या कडेला इन्फ्रारेडचा काळा ठिपका होता, आणि त्यातल्या ॲपमधून टीव्हीचा मेन्यू उघडला. २५० रुपये कणकवलीतच राहिले. गावात असा मोबाइल कुणाकडे आहे का, हे आधी विचारा.

मेन्यूत Picture, त्यात Picture Size. यादीत 16:9, Zoom, 4:3 आणि Screen Fit. शेवटचा हवा होता, पण तो राखाडी. बाण त्याच्यावर जातच नाही.

वीज गेली म्हणून आज इथेच थांबलो.

३ जून

रात्री विचार करताना उलगडलं. ताईंना धूसर आकड्यांचा त्रास नको म्हणून मी संगणक पुन्हा १३६० × ७६८ वर ठेवला होता. त्यातल्या त्यात तेच बरं दिसत होतं. टीव्हीच्या दृष्टीने हा संगणकाचा सिग्नल, त्यात कापलं जातच नाही, तेव्हा न कापण्याचा पर्याय दाखवायचा कशाला? म्हणून राखाडी.

सकाळी हा क्रम केला. याच क्रमाने करा, माझे दोन तास उलट क्रमाने गेले:

आधी इंटेलच्या पॅनलमधल्या त्या दोन्ही पट्ट्या मूळ जागी नेल्या, लहान करणं पूर्ण बंद. मग विंडोजमध्ये १९२० × १०८०, आणि स्केल १०० टक्के. कडा पुन्हा कापल्या गेल्या, जाऊ देत. रिमोटवरचं Info दाबून टीव्हीला खरंच 1920x1080 मिळतंय हे बघितलं, कारण विंडोज एक म्हणतं आणि ड्रायव्हर दुसरंच पाठवतो असंही होतं. मग Picture Size मध्ये गेलो. आता Screen Fit पांढरं होतं. निवडलं.

चित्र किंचित आत सरकलं, एखाद्याने खुर्ची मागे घ्यावी तसं. दहाव्या पिक्सेलची चौकट चारही बाजूंना. टास्कबार पुरा, घड्याळाखाली तारीख.

पट्ट्या मूळ जागी नेल्या नसत्या तर इथे भोवती काळी चौकट आली असती, आणि मी पुन्हा टीव्हीला दोष देत बसलो असतो. एकदा कडेला काळं दिसलं की समजावं, टीव्ही आता कापत नाही, संगणक अजून आकसतोय.

ही सेटिंग प्रत्येक कंपनी वेगळ्या नावाने लपवते. सॅमसंगमध्ये Screen Fit, एलजीमध्ये Just Scan, सोनीमध्ये Display Area मध्ये Full Pixel, फिलिप्समध्ये Unscaled, शार्पमध्ये Dot by Dot. नावात Full दिसलं म्हणून तेच समजू नका, नुसतं Full किंवा Wide बऱ्याचदा कापणारंच असतं.

४ जून

कडा आल्या म्हणजे ताणणं थांबलं असं नाही. टीव्ही एकास एक पिक्सेल दाखवतोय का, याची खात्री करायला एक ओळीची फाइल केली. नोटपॅडमध्ये लिहून `test.html` नावाने ठेवायची, ब्राउझरमध्ये उघडून F11 दाबायचं, ब्राउझरचा झूम १०० टक्के:

```html
<body style="margin:0;height:100vh;background:repeating-linear-gradient(90deg,#000 0 1px,#fff 1px 2px)"></body>
```

यात एक पिक्सेल काळी, एक पांढरी, अशा उभ्या रेघा येतात. एकास एक असेल तर लांबून सगळा पडदा एकसारखा राखाडी दिसतो आणि जवळ गेलं की केसासारख्या रेघा. जरासंही ताणलं जात असेल तर ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा रुंद लाटा दिसतात. मी मुद्दाम 16:9 वर जाऊन पाहिलं, लाटा आल्या. Screen Fit वर आलो, गेल्या. ही परीक्षा चौकटींपेक्षा कडक आहे, कारण ड्रायव्हरच्या पट्ट्यांनी कडा आणता येतात, पण या लाटा घालवता येत नाहीत.

तरीही अक्षरांभोवती पांढरी झालर होती. तो शार्पनेस. टीव्ही कार्यक्रमांसाठी रेघा उठावदार करतो, संगणकाच्या अक्षरांना ते नको. झालर जाईपर्यंत कमी केला. आणि काळ्यावरची लाल अक्षरं फिसकटलेली होती, ती इनपुटच्या यादीत HDMI 1 ला PC हे नाव दिल्यावर सुधारली. आमच्या टीव्हीत ते नाव म्हणजे नुसती चिठ्ठी नाही, त्यावरून तो रंग हाताळायची पद्धत बदलतो. काही टीव्हींमध्ये एवढ्यानेच ओव्हरस्कॅनही बंद होतो म्हणे, आमच्यात होत नाही.

ताईंनी एक्सेल उघडली. ३६८ च होता.

११ जून

पाऊस लागला. दोन दिवसांत आठ-दहा वेळा वीज गेली. सेटिंग टिकते, हे महत्त्वाचं. टीव्ही बंद-चालू केल्यावर Screen Fit तसंच राहतं.

पण आज सकाळी ताईंचा फोन, कडा परत गेल्या. जाऊन बघितलं तर आदल्या संध्याकाळी मुलांनी क्रिकेटसाठी सेट-टॉप बॉक्स HDMI 1 ला लावला होता आणि नंतर संगणकाची केबल HDMI 2 मध्ये खोचली होती. चित्राचं माप प्रत्येक पोर्टाचं वेगळं लक्षात ठेवलं जातं. HDMI 2 अजून कारखान्यातून आलेल्या 16:9 वरच होतं.

आता HDMI 1 ला तांबडा ठिपका (संगणक), HDMI 2 ला हिरवा (बॉक्स), नेलपॉलिशने. दोन्हींच्या केबलींनाही तेच रंग.

बॉक्सच्या पोर्टालाही Screen Fit लावून पाहिलं. काही वाहिन्यांवर बाजूला बारीक काळी पट्टी दिसली, आणि एका जुन्या कार्यक्रमाच्या वरच्या कडेला लुकलुकणारी पांढरी रेघ. ती कापलेलीच बरी. हिरव्याला 16:9 राहू दिलं.

५ जुलै

ही बातमी शाळेत पोचली. त्यांच्याकडे बत्तीस इंची टीव्ही आहे, तिथेही कडा जातात. रिमोट आहे, म्हणून पाच मिनिटांचं काम समजून गेलो. १९२० × १०८०, Info, मेन्यू, कडा आल्या. गुरुजी खूश. मी `test.html` लावली आणि पडदाभर लाटा.

टीव्हीच्या मागची चिठ्ठी वाचली, तर पॅनल १३६६ × ७६८. बाजारात असे बत्तीस इंची भरपूर आहेत. ते १०८० चा सिग्नल घेतात, संगणकालाही आपण १०८० घेतो असंच सांगतात, आणि आत लहान करून दाखवतात. कापणं बंद करता येतं, पण १९२० पिक्सेल १३६६ मध्ये बसवणं टाळता येत नाही. मेन्यूत कुठेही इलाज नाही.

इथे वाचनालयात फसलेला उपाय चालला. संगणक १३६० × ७६८ वर ठेवला. १३६६ ला आठने भाग जात नाही, म्हणून संगणकाच्या यादीत बहुधा १३६० च मिळतं. या टीव्हीने ते न ताणता मधोमध ठेवलं. लाटा गेल्या, अक्षरं स्वच्छ. दोन्ही बाजूंना तीन-तीन पिक्सेलांची काळी रेघ राहते, मुलांना दाखवली तरी दिसली नाही. जागा मात्र कमी पडते, गुरुजींचं हजेरीपत्रक एका नजरेत मावत नाही, सरकवावं लागतं.

आजवरचा खर्च: केबल ३५०, रिमोट २५०. दोन्ही लागले नसते. नेलपॉलिश ताईंची.